फ्रीज नाही, मायक्रोवेव्ह बावीस जणांत एक – डब्याला काय न्यावं?

खानापूरची_गाडी
नमस्कार मंडळी. मी खानापूरहून रोज बेळगावला उद्यमबागेत येतो. सकाळी ७.४० ची बस, तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे उतरतो. डबा सव्वासातला भरतो आणि दीडला उघडतो, म्हणजे सहा तासांच्या वर बंद. ऑफिसात फ्रीज नाही. मायक्रोवेव्ह एक आहे आणि आम्ही बावीस जण. प्रत्येकाने दोन मिनिटं म्हटली तरी ४४ मिनिटं होतात आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची!

घरी मी आणि आई दोघंच. आईचे गुडघे दुखतात म्हणून सकाळचा स्वयंपाक मीच करतो. अडचण अशी की डबा उघडला की भेंडी चिकट झालेली, चपातीची खालची बाजू ओली, बटाट्याची भाजी पाणी सोडून बसलेली. आणि गेल्या महिन्यात फ्लॉवरची भाजी गरम केली तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर चिठ्ठी: "कृपया उग्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत." नाव नव्हतं, पण सगळे माझ्याकडेच बघत होते.

तर ओलं न होणारं, वास न मारणारं आणि शक्यतो गरम करायला न लागणारं काय काय असतं, सांगा. रोज पोहे-उपमा नको, त्याने तीन वाजता पुन्हा भूक लागते.

गोवावेस_मावशी
फ्लॉवर! अहो, फ्लॉवर घरच्या घरी गरम केला तरी शेजारची विचारते काय शिजतंय म्हणून.

निपाणीकर
भावा, सोपं आहे. कुठल्याबी भाजीला शेवटी दोन चमचे भाजलेलं बेसन लाव. सगळं पाणी पिऊन टाकतंय. ढबू, मेथी, कांद्याची पात, कशालाबी चालतं. मी बँकेत आहे, बारा वर्षं हेच करतोय. आणि खराब व्हायची चिंता करू नको, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवलं की जंतू-बिंतू सगळे मरतात.

चोर्ला_घाट
माझ्या बायकोचं सुकटाचं कालवण सांगतो. आमसूल घालून केलं की दुसऱ्या दिवशी जास्त लागतं. सुकट आधी कोरडं भाजून घ्यायचं, मग कांदा...

गोवावेस_मावशी
चोर्लाभाऊ, त्यांना चिठ्ठी आली आहे हो. तुमच्या रेसिपीने नोटीस येईल.

चोर्ला_घाट
अरे हो, वास नको होय. मी "फ्रीज नाही" एवढंच वाचलं. सुकट फ्रीजशिवाय टिकतं म्हणून सांगत होतो.

मेसवाली_काकू
खानापूरकर, मी बेळगावात मुलांची मेस चालवली, डबे पण पाठवायचो. तुमची भाजी बिघडत नाही, तुमचा डबा बिघडतोय. एक विचारते, खरं सांगा. भाजी कढईतून काढल्यापासून झाकण लावेपर्यंत किती वेळ जातो?

आणि उद्या दीडला डबा उघडलात की भाजीकडे बघू नका, आधी झाकण उलटं करून बघा.

खानापूरची_गाडी
काकू, वेळ कसला, कढईतून थेट डब्यात. बस चुकते नाहीतर. झाकण उद्या बघतो.

पुण्यातला_बेळगावकर
धागा वाचून भूक लागली. इथे सगळं मिळतं, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपल्याकडच्यासारखी मिळत नाही. आमच्या ऑफिसात तर दोन फ्रीज आहेत आणि दोन्हीत लोकांच्या नाव लिहिलेल्या दुधाच्या पिशव्या. नाव लिहून पण चोरीला जातात.

खानापूरची_गाडी
काकू, बघितलं. झाकणाच्या आतून थेंबच थेंब, पावसात काचेवर असतात तसे. उलटं केल्यावर टपाटप भेंडीवरच पडले.

मेसवाली_काकू
तेच म्हणत होते. ते पाणी भाजीने सोडलेलं नाही, ती वाफ आहे. गरम भाजी डब्यात कोंडली की वाफ वर जाते, स्टीलचं झाकण गार होतं, वाफेचं पाणी होऊन परत खाली गळतं. सहा तास भाजी स्वतःच्याच घामात बसते. मग तुम्ही बेसन घाला नाहीतर काही घाला, चिखलच होणार.

आमच्याकडे नियम होता, भाजी आधी, भाकरी नंतर. उठल्याबरोबर भाजी करायची आणि ती परातीत पातळ पसरायची, बोटाच्या जाडीएवढी. वर पंखा. मग आंघोळ, चहा, भाकऱ्या. वीस मिनिटांत ती हाताला गार लागते. कढईतच ठेवली तर तासाभराने पण मधे गरमच असते, जाड ढीग ना तो. पसरली की वाफ उडून जाते आणि भाजी मोकळी पण होते.

आणि भेंडीचं वेगळं सांगते. धुवून पुसून नाही भागत. रात्री धुवून कपड्यावर पसरून ठेवा, सकाळी चिरा. चिरल्यावर पाणी लावायचं नाही. परतताना झाकण नाही, मीठ नाही. मीठ अगदी शेवटी, गॅस बंद करताना. मीठ आधी पडलं की ती पाणी सोडते आणि तार सुटते. दोन आमसुलं टाकली तर तार लवकर मोडते.

निपाणीकर
काकू बरोबर आहेत, पण माझं बेसन पण चुकीचं नाही की ओ.

मेसवाली_काकू
चुकीचं नाही. ढब्बू मिरचीला बेसन लावतोच आपण. पण बेसन भाजीचं पाणी पितं, झाकणावरून गळलेलं नाही. ते वरून पडलं की बेसनाचा लगदा होतो. करून बघा.

निपाणीकर
बघितलंय. 😄 लगदाच हुतोय. मला वाटायचं बेसन कमी पडलं.

प्रयोगशाळेतून
मी अन्नतपासणीच्या कामात होतो, आता निवृत्त. निपाणीकरांच्या एका वाक्यावर थांबावं लागेल. मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं की सगळं निर्धोक होतं, असं नाही.

विशेषतः भाताचं. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते साध्या शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही असं विष तयार करतात की ते नंतर उकळलं तरी जात नाही. जंतू मरतात, विष उरतं. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुतेक हेच असतं. भाताला वास येईलच, चिकटपणा येईलच असं नाही, म्हणून नाकावर भरवसा ठेवता येत नाही.

पुस्तकी नियम विचाराल तर शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. आपल्याकडे तो नियम पाळला तर निम्म्या जिल्ह्याला डबा नेता येणार नाही. मी व्यवहारात तीन गोष्टी सांगतो. रात्रीचा भात डब्यात नाही. अन्न एकतर वाफाळतं गरम, नाहीतर लवकर गार केलेलं, मधलं कोमट सगळ्यात वाईट. आणि सहा तास बंद राहणारा पदार्थ कोरडा किंवा आंबट असावा. चिंच, लिंबू, दही यांच्या आंबटपणात हे जंतू सहज वाढत नाहीत.

काकूंची परात त्यामुळे नुसती चवीपुरती नाही.

निपाणीकर
आयला. बारा वर्षं मी रात्रीचा फोडणीचा भात नेतोय.

प्रयोगशाळेतून
बारा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ तेराव्या वर्षी होणार नाही असा नाही, आणि होणारच असाही नाही. रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवत असाल तर धोका कमी असतो. पण मग सकाळी तो काढून पुन्हा सहा तास बाहेर राहतो, तिथे घोळ आहे. सकाळचा ताजा भात करा, चित्रान्न करा, लिंबू पिळा. एवढंच म्हणणं आहे.

कित्तूर_कन्या
मला वेगळंच विचारायचंय. मला शुगर आहे, भात बंद आहे. भाकरी नेते पण दुपारपर्यंत चामडं होतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर मऊ होते आणि दोन घास खाईपर्यंत लाकूड! असं का?

मेसवाली_काकू
भाकरी मायक्रोवेव्हमध्ये नुसती ठेवूच नका ताई. आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. ठेवायचीच असेल तर ओल्या रुमालात गुंडाळून पंधरा सेकंद, आणि लगेच तोंडात. गार झाली की परत ताठ होणार, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही ना धरून ठेवायला.

त्यापेक्षा मुळातच मऊ राहील अशी करा. उकडीची. वाटीभर पाणी उकळायला ठेवायचं, चिमूटभर मीठ, उकळी आली की गॅस बंद करून त्यात वाटीभर जोंधळ्याचं पीठ टाकायचं आणि झाकून दहा मिनिटं. मग गरम गरमच चांगलं मळायचं. अशी भाकरी दुपारी पण घडी घातली तर मोडत नाही. भाजल्यावर ताटात एकावर एक रचू नका. जाळीवर, नाहीतर सुपलीत उभी टेकवून वाफ जाऊ द्या, पाचेक मिनिटं. मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. फडकं उरलेला ओलावा पितं आणि भाकरीला कोरडं पण पडू देत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घातली तर घाम येतो.

कित्तूर_कन्या
काकू 🙏. मी पिशवीतच घालत होते.

खानापूरची_गाडी
उकडीची भाकरी मला जमेल की नाही कोण जाणे. थापताना माझी भाकरी कर्नाटकाच्या नकाशासारखी होते.

पुण्यातला_बेळगावकर
सांभाळून. नकाशाचा विषय आपल्या भागात काढायचा नसतो.

गोवावेस_मावशी
🤣🤣

हिंडलग्याची_सून
भाकरी जमत नसेल तर कडक भाकरी विकत घ्या की. आठ-पंधरा दिवस टिकते, गरम करायची गरज नाही, ओली होणार नाही. त्यावर शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, अगशीची चटणी आळीपाळीने, वर तेल नाहीतर तूप. बरोबर काकडी-गाजर अख्खंच न्या, तिथे चिरा. चिरून मीठ लावून नेलं की डब्यात तळं होतं.

आणि एण्णेगाई. छोटी वांगी, आत शेंगदाण्याचं कूट, तीळ, कारळं, चिंच-गूळ. फक्त डब्यासाठी करताना रस्सा ठेवायचा नाही, तेल सुटेपर्यंत आटवायची. चिंच आहे, तेल आहे, सकाळची केलेली दीडला उत्तम. माझा नवरा गार खातो, गरम करायला लावली तर चिडतो.

खानापूरची_गाडी
हे मस्त. पण शेंगाचटणीत लसूण असतो. वासाचं काय?

हिंडलग्याची_सून
लसूण तेलावर तांबूस होईपर्यंत परतून मग कुटायचा. कच्चा कुटलेला लसूण दरवाज्यापर्यंत येतो, परतलेला ताटापुरता राहतो. आणि मुख्य म्हणजे चटणी कोण गरम करतंय? वास गरम केल्यावर पसरतो. तीच एण्णेगाई गार खाल्ली तर शेजारच्यालाच कळेल, मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर मॅनेजरला कळेल.

वडगावचा_विठू
मला एक कळत नाही. आपण आपल्या पैशाने, आपल्या घरचं खातोय. लसणाचा वास, सुकटाचा वास हा "उग्र" आणि यांच्या पिझ्झाचा वास सुगंध? चिठ्ठी लिहिणाऱ्याला समोर येऊन बोलायला काय झालं? मी असतो तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोंबील नेला असता.

गोवावेस_मावशी
विठू, मुद्दा आहे तुझा. पण बावीस लोक, एक खोली, खिडकी असेल नसेल. आमच्याकडे एकीला तीन महिने गेलेले, तिला अंड्याचा वास आला की बाहेर पळायची. तेव्हा कोणी चिठ्ठी लावली नाही, आम्हीच आठवडाभर अंडी बंद केली.

वडगावचा_विठू
तोंडाने सांगितलं असतं तर मी पण बंद केली असती. चिठ्ठीचा राग आहे.

चोर्ला_घाट
विठूभाऊंना माझा पाठिंबा. सुकटासह.

प्रयोगशाळेतून
वादात पडत नाही, पण मायक्रोवेव्हचा वास बऱ्याचदा आजच्या डब्याचा नसतोच. आत उडालेले थेंब छताला वाळून बसतात आणि पुढचा माणूस नुसतं पाणी गरम करतो तरी तेच तापतात. वाटीत पाणी आणि लिंबाच्या दोन-चार चकत्या घालून तीन मिनिटं लावा, मग पाच मिनिटं दार न उघडता तसंच ठेवा, नंतर ओल्या फडक्याने छत पुसा. छत, नुसती तबकडी नव्हे. फ्लॉवरचा आळ येण्याआधी आत कोणाकोणाचं काय वाळलंय ते एकदा बघा.

निपाणीकर
थर्मासच्या डब्याचं कोणी बोललं नाही. तो स्टीलचा उभा डबा मिळतोय बघा, आत आमटी घातली की दुपारी पण गरम. मायक्रोवेव्हच नको.

कित्तूर_कन्या
माझ्याकडे आहे. कोमट राहतं. पैसे गेले.

निपाणीकर
माझं तर तोंड भाजतंय दीडला. काठोकाठ भरता का?

कित्तूर_कन्या
नाही, अर्धाच. एकटीला किती लागतं!

प्रयोगशाळेतून
ताई, अर्धा भरला की आत गरम ऐवजच कमी असतो, म्हणून तो लवकर निवतो. आधी उकळतं पाणी घालून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवायचं, ते ओतून लगेच उकळती आमटी काठापर्यंत भरायची. साठ अंशांच्या वर राहिली तर चांगलं. कोमट होत असेल तर मात्र तो डबा नसलेला बरा, मी मघाशी म्हटलं ते "मधलं कोमट" नेमकं हेच. लहान आकाराचा घ्या.

निपाणीकर
पण आमटी बसमध्ये सांडली तर? एकदा माझ्या पिशवीतली पासबुकं पिवळी झालीत. गिऱ्हाइकाची नव्हती, नशीब.

खानापूरची_गाडी
खानापूर रोडच्या खड्ड्यांत आमटी मी नेणार नाही. तो प्रश्न मिटला.

पण भाताशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. काकू, दहीबुत्ती नेता येईल का? एकदा नेली होती. दीडपर्यंत आंबट ढीग झाली होती, चमचा उभा राहत होता. आणि वास पण आला.

मेसवाली_काकू
दही घालून नेलीत म्हणून. दही सकाळीच आंबट, त्याला सहा तास उन्हाळ्यात ठेवलं की आणखी आंबणार आणि भात सगळं पाणी पिऊन दगड होणार. बुत्ती डब्यात न्यायची तर दह्याची नाही, दुधाची न्यायची. विरजण लावायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत डब्यातच तिचं दही होऊ द्यायचं.

सविस्तर सांगते, एका माणसाचं. सकाळी अर्धी वाटी तांदूळ, नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून मऊ शिजवा. बासमती-बिसमती नको, साधा जुना तांदूळ. गरम असतानाच डावाने चांगला घोटा. मग पसरून कोमट होऊ द्या. उकळून कोमट केलेलं दूध दीड ते दोन वाट्या घाला, बोट बुडवलं तर सुखद लागेल इतपतच कोमट. हाताला चटका बसत असेल तर थांबा, विरजण मरतं. त्यात ताजं गोड दही दोन चहाचे चमचे, मीठ थोडं. एकदा ढवळा. या वेळी ते खिरीसारखं पातळ दिसलं पाहिजे. घट्ट दिसत असेल तर दूध कमी पडलं, आणखी घाला.

फोडणी तेलात मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, सुकी मिरची. गार करून घाला. कच्चा कांदा नको, काकडी नको, दोन्ही पाणी सोडतात. डाळिंबाचे दाणे चालतील. डबा काठोकाठ भरू नका. आणि पिशवीत आडवा तर मुळीच ठेवू नका, एक वाजेपर्यंत ते दूधच असतं.

दीडला उघडलं की सुटसुटीत लागलेलं असतं, गोडसर. गरम करायचं नाही, वास नाही. बरोबर तळलेली सांडगी मिरची वेगळ्या पुडीत.

खानापूरची_गाडी
काकू, हिवाळ्यात लागेल का विरजण?

मेसवाली_काकू
डिसेंबरात आपल्याकडे चांगलीच थंडी असते. तेव्हा दही तीन चमचे, दूध थोडं जास्त कोमट, आणि डबा टॉवेलात गुंडाळा. तरी एखाद्या दिवशी लागणार नाही. त्या दिवशी दूधभात समजून खा.

प्रयोगशाळेतून
एकच भर. दही ताजं आणि जोमदार असावं म्हणजे आंबटपणा लवकर येतो, तोच तुमचा राखणदार. मरगळलेल्या दह्याने विरजण लागायला उशीर झाला तर तेवढा वेळ कोमट दूधभात उघडा पडतो. लागलेलं नसेल आणि वास वेगळा, बुडबुडे किंवा तार दिसली तर दूधभात समजून खाऊ नका काकू म्हणतायत तसा. टाका.

मेसवाली_काकू
तार आली तर मी पण टाकायलाच सांगते हो. नुसतं पातळ राहिलं तर खा म्हटलं.

प्रयोगशाळेतून
मी तरी नुसतं पातळ राहिलेलंही खाणार नाही. पण मी घाबरट माणूस आहे, धंद्याने केलंय.

पुण्यातला_बेळगावकर
दहीबुत्ती आणि सांडगी मिरची. मी आत्ताच्या आत्ता स्वारगेटला जाऊन बस पकडतो.

हिंडलग्याची_सून
येताना रिकाम्या हाताने या, जाताना कुंदा घेऊन जा. तोही फ्रीजशिवाय प्रवास करतो.

खानापूरची_गाडी
मंडळी, तीन आठवडे झाले. हिशोब देतो.

आता साडेपाचला उठल्या उठल्या भाजी. परात आईच्या पलंगाजवळच्या टेबलावर, तिथेच पंखा आहे. पहिल्या दिवशी आई म्हणाली, हे काय भाजीला वारा घालतोस, तिला पण गुडघेदुखी आहे का? भेंडी काकूंच्या पद्धतीने, रात्री धुवून. झाकण उलटं करून बघतो रोज, आता सवयच लागली. थेंब नाहीत. एक दिवस उशीर झाला म्हणून पाच मिनिटांतच भरली तर थेंब परत आले आणि भेंडी परत तशीच. म्हणजे वीस मिनिटं ती लागतातच.

सोमवारी आणि गुरुवारी कडक भाकरी आणि चटणी, एण्णेगाई आई सांगते तशी मी करतो. मंगळवारी झुणका. पहिल्यांदा ओला झाला. दुसऱ्या वेळी बेसन आधी कोरडं भाजलं आणि पाणी एकदम न ओतता हबके मारत गेलो, तेव्हा मोकळा झाला. बुधवारी आणि शुक्रवारी बुत्ती. पहिली बुत्ती बसमध्ये आडवी झाली. जास्त बोलत नाही त्यावर. दुसरी झक्कास लागली. तिसरीला मी दूध कमी घातलं, घट्टच झाली. काकूंचं "खिरीसारखं" खरं आहे.

मायक्रोवेव्हच्या रांगेत मी आता उभाच राहत नाही. लिंबूपाण्याने तो साफ केला एका शनिवारी, छतावर जे काही निघालं ते इथे लिहीत नाही. फ्लॉवर नक्कीच नव्हता.

गोवावेस_मावशी
म्हणजे चिठ्ठी लावणारा गुन्हेगार दुसराच!

वडगावचा_विठू
मी म्हणालो होतो. आता तुम्ही एक चिठ्ठी लावा.

निपाणीकर
मी रात्रीचा फोडणीचा भात सोडला. म्हणजे आठवड्यातून एकदा खातो, घरी, सकाळी, गरम गरम. सवय लगेच जाईना.

खानापूरची_गाडी
एक प्रश्न राहिला. पाऊस सुरू झाला की खानापुरात कपडे वाळत नाहीत, तिथे कडक भाकरी कशी कडक राहणार? परवा दोन दिवस रिमझिम होती तर मऊ पडली, ना कडक ना भाकरी.

हिंडलग्याची_सून
विकत आणली की लगेच पत्र्याच्या घट्ट डब्यात, दर वेळी हात कोरडा. मऊ पडलीच तर सकाळी मंद तव्यावर फडक्याने दाबत दोन्ही बाजूंनी शेका, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. गरम भरलीत तर परत तेच झाकणाचं पाणी. चटणी मात्र पावसाळ्यात आठवड्याचीच करा, गोळा होते.

खानापूरची_गाडी
धन्यवाद वहिनी. आणि हो, काल मायक्रोवेव्हवर नवीन चिठ्ठी आली आहे. "कृपया कोणी फोनवर बोलत असताना कडक भाकरी खाऊ नये."

मेसवाली_काकू
दह्यात पाच मिनिटं बुडवून खा. आवाज येत नाही.